सल्लागार मंडळाची मीटिंग: सल्ला एकीकडे, निर्णय दुसरीकडे असे मिनिट्स कसे लिहायचे

बाहेरचे तीन-चार जाणकार घेऊन सल्लागार मंडळ करायची पद्धत आता गावाकडच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांतही आलीय. मीटिंगा चांगल्या होतात, लोक मनापासून बोलतात, पण नंतर जे मिनिट्स येतात त्यात "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरले की" हे वाक्य असतंच असतं. कोणी ठरवलं? ज्यांना ठरवायचा अधिकारच नाही त्यांनी? आणि ज्यांना अधिकार आहे ते त्यावेळी नुसते ऐकत होते की खरंच निर्णय घेत होते? सहा महिन्यांनी बँकेने किंवा दुसऱ्या भागीदाराने हा कागद मागितला की कुणालाच सांगता येत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून सगळ्या पायऱ्यांना एकच उदाहरण घेतो. तासगावजवळची एक बेदाण्याची कंपनी धरा, नाव-आकडे सगळे उदाहरणापुरतेच. दोन भाऊ डायरेक्टर, थोरला मॅनेजिंग डायरेक्टर. सल्लागार तिघं: फूड टेक्नॉलॉजीच्या एक प्राध्यापक मॅडम, एक रिटायर्ड बँक अधिकारी आणि एक अनुभवी निर्यातदार. प्रश्न असा की रंगानुसार बेदाणा वेगळा करणारं कलर सॉर्टर मशीन ४५ लाखाला घ्यायचं का, तेही जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू व्हायच्या आत. मीटिंग १२ नोव्हेंबरला.

१. आधी कागदावर ठरवा की हे लोक कोण आहेत

मिनिट्सचा घोळ बहुतेक वेळा नेमणुकीच्या पत्रातच सुरू झालेला असतो. पत्रात "आमच्या बोर्डवर आपले स्वागत" असं लिहिलेलं असतं, वेबसाइटवर फोटो डायरेक्टरांच्या ओळीत लागलेला असतो, मग मिनिट्स लिहिणारा तरी काय वेगळं लिहिणार.

पत्रात चार गोष्टी साध्या भाषेत हव्यात. हे सल्लागार आहेत, संचालक नाहीत. त्यांना मत देण्याचा हक्क आहे पण मतदानाचा नाही. कंपनीच्या वतीने सही करायचा किंवा कुणाला शब्द द्यायचा अधिकार नाही. आणि चौथी म्हणजे हितसंबंध असेल तर तो विषय सुरू व्हायच्या आधी सांगायचा. मानधन आणि गुप्तता हे मुद्दे बहुतेकजण लिहितातच, त्यावर जास्त बोलत नाही.

यामागे कायद्याचं कारण आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २(६०) मध्ये कसूर झाल्यास जबाबदार धरायच्या अधिकाऱ्यांची जी यादी आहे, तिच्यात अशीही व्यक्ती येते जिच्या सल्ल्यानुसार किंवा सूचनेनुसार वागायची संचालक मंडळाला सवय झालेली आहे. व्यावसायिक नात्याने सल्ला देणाऱ्याला त्यातून सूट आहे. आता विचार करा, वर्षभराच्या मिनिट्समध्ये दर वेळी "सल्लागारांनी निर्देश दिले आणि त्याप्रमाणे कंपनीने केले" असंच लिहिलंय, तर तुम्ही त्या भल्या माणसाला सुटीच्या बाजूला ठेवताय की जबाबदारीच्या बाजूला ढकलताय? आणि उलट बाजूने, डायरेक्टरांनी स्वतः डोकं चालवलं याचा पुरावाच तुमच्याकडे राहत नाही.

> सावधान: प्रोड्युसर कंपनी असेल तर "तज्ज्ञ संचालक" हा वेगळा प्रकार आहे, तो कायद्याने संचालकच असतो. त्याला सल्लागार मंडळात धरू नका आणि सल्लागाराला तज्ज्ञ संचालक म्हणू नका.

२. अजेंड्यावर विषय नको, प्रश्न लिहा

"कलर सॉर्टर मशीनबाबत चर्चा" असा अजेंडा दिला की दोन तास चर्चाच होते आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, मग घ्यायचं ना? म्हणजे सल्ला मागितला होता की मंजुरी, हेच कळत नाही.

त्याऐवजी असं लिहा: "आपल्या मालाला हे मशीन चालेल का, आणि ते तपासायचं कसं?" हा प्रश्न मॅडमना. "४५ लाखांपैकी कर्ज किती आणि स्वतःचे किती घालावेत म्हणजे हंगामातलं खेळतं भांडवल अडकणार नाही?" हा बँकवाल्या साहेबांना. "ग्रेडिंग केलेल्या मालाला जादा दर देणारं गिऱ्हाईक आहे का?" हा निर्यातदारांना. बाकीच्यांनी बोलू नये असं नाही, पण मुख्य उत्तर कुणाकडून हवंय ते आधी ठरलेलं असलं की मिनिट्समध्ये नाव आपोआप येतं.

प्रत्येक प्रश्नाखाली आणखी एक ओळ टाका: "निर्णय कोण घेणार आणि कुठे." उदाहरणात ती अशी होईल: "कर्जाचा निर्णय संचालक मंडळाच्या १९ नोव्हेंबरच्या बैठकीत." ही ओळ शोभेची नाही. कलम १७९(३) प्रमाणे कंपनीसाठी पैसे कर्जाऊ घेण्याचा अधिकार संचालक मंडळाने आपल्या बैठकीत ठराव करूनच वापरायचा असतो, किंवा तसाच ठराव करून तो आधी कुणाकडे सोपवलेला असावा लागतो. सल्लागारांच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणून कर्जाला मंजुरी मिळत नाही, दोन्ही डायरेक्टर त्याच खोलीत बसलेले असले तरी नाही.

कागदपत्रं आठवडाभर आधी पाठवा आणि प्रत्येक कागदाला नंबर द्या. कागद १ मशीनचं कोटेशन, कागद २ मागच्या तीन वर्षांचा कॅश फ्लो, असं. पुढे पायरी ४ मध्ये हे नंबर लागणार आहेत.

> तपासा: अजेंडा वाचून एखादा सल्लागार "मला हो किंवा नाही म्हणायचंय" असं समजू शकतो का? तसं असेल तर प्रश्न बदला.

३. मीटिंग दोन भागांत करा, मधे दार बंद होऊ द्या

क्रम हा: आधी मॅनेजमेंटने दहा मिनिटांत परिस्थिती सांगायची, मग हितसंबंध विचारायचे, मग एकेका सल्लागाराने आपला प्रश्न घ्यायचा, मग एकमेकांना प्रश्न. मॅनेजिंग डायरेक्टरने आपला कल शेवटपर्यंत सांगू नये, कारण मालकाने एकदा "मला तर घ्यायचंच वाटतंय" म्हटलं की सल्लागार मंडळी भिडस्तपणे त्याच दिशेने बोलायला लागतात आणि मग तुम्ही सल्ला ऐकत नसता, स्वतःचाच आवाज ऐकत असता.

हितसंबंध तोंडी विचारा, प्रत्येक विषयाच्या आधी. आपल्या उदाहरणात निर्यातदार म्हणाले की मशीन विकणाऱ्या एजन्सीत माझे मेहुणे भागीदार आहेत. त्यांना बाहेर काढायची गरज नाही, बाजाराचं ज्ञान त्यांच्याकडेच आहे, फक्त हे वाक्य मिनिट्समध्ये त्यांच्या सल्ल्याच्या आधी यायला हवं, तळटीपेत नाही.

मतदान घेऊ नका. हात वर करून "तीनपैकी दोघं बाजूने" असं झालं की कागदावर ते ठरावासारखंच दिसतं. शिवाय बेदाण्याच्या चिकटपणाबद्दल बँकवाल्यांचं मत आणि फूड टेक्नॉलॉजीच्या मॅडमचं मत सारख्या वजनाचं कसं धरणार?

मग सल्लागारांचे आभार माना, त्यांना जाऊ द्या, आणि मॅनेजमेंट वेगळी बसू द्या. लगेच चहा घेऊन अर्ध्या तासाने बसा किंवा दुसऱ्या दिवशी, पण बैठक वेगळी आणि वेळ वेगळी लिहा.

खरी अडचण येते ती मालक भर मीटिंगमध्ये उत्साहात बोलून जातात तेव्हा. थोरले भाऊ म्हणाले, "चला, मग घेऊन टाकू मशीन!" अशा वेळी मिनिट्स लिहिणाऱ्याने गप्प बसायचं नाही. तिथल्या तिथे विचारायचं, "सर, हे कंपनीचा निर्णय म्हणून लिहू, की तुमचं आत्ताचं मत म्हणून?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही नाही, आत्ता मत म्हणून लिही, बोर्डात बघू." हा एक प्रश्न विचारायची मुभा लिहिणाऱ्याला मीटिंगच्या आधीच द्या, नाहीतर ऑफिसातली पोरगी मालकाला मधेच कशी टोकणार.

४. नोंदी घेताना: सल्ल्याबरोबर त्याची अट उचला

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सल्ला जवळजवळ कधीच सरळ हो-नाही नसतो, त्याला अट चिकटलेली असते. मीटिंगमध्ये अट ऐकू येते, नोंदीत अर्धी उरते आणि मिनिट्समध्ये गायब होते, मग वाचणाऱ्याला वाटतं तज्ज्ञांनी बिनशर्त हो म्हटलं होतं.

वहीचं पान उभं दुमडा. डाव्या बाजूला सल्ला, उजव्या बाजूला मॅनेजमेंटचं बोलणं. डाव्या बाजूच्या प्रत्येक नोंदीत चार गोष्टी आल्याच पाहिजेत: कोण बोललं, काय सुचवलं, कशाच्या आधारावर, आणि कुठल्या अटीवर.

मॅडम प्रत्यक्षात काय म्हणाल्या ते बघा: "मशीन चांगलं आहे, पण कोटेशनमधली क्षमता कोरड्या, सुट्या मालावर दिलेली असते. तुमचा बेदाणा चिकट असेल, दाणे एकमेकांना धरून राहिले तर हवेच्या झोताने एक खराब दाणा उडवताना शेजारचे चांगलेही जातात. तुमच्याच कोल्ड स्टोरेजमधला दोन टन माल नेऊन ट्रायल घ्या, काळपट दाणे किती राहिले आणि चांगले किती फुकट गेले ते मोजा, मग बोला."

हे बऱ्याच ठिकाणी असं लिहिलं जातं: "प्राध्यापकांनी मशीन चांगले असल्याचे सांगून खरेदीस अनुकूलता दर्शवली." बाईंनी अनुकूलता दर्शवलीच नव्हती, ट्रायल घ्या म्हटलं होतं.

बँकेच्या साहेबांचं म्हणणं असं होतं की बेदाण्याच्या धंद्यात पैसा उन्हाळ्यापासून कोल्ड स्टोरेजमधल्या मालात अडकतो आणि सौदे होतील तसतसा महिनोन् महिने सुटत राहतो, म्हणून मशीनसाठी स्वतःचे पैसे हंगामाच्या तोंडावर घालू नका, आणि कर्ज घ्यायचंच असेल तर हप्ते माल विकला जातो त्या महिन्यांना धरून मागा. आधार: कागद २, कॅश फ्लो. निर्यातदार म्हणाले मशीन आत्ताच घ्या, पण निदान एका खरेदीदाराचं लेखी मागणीपत्र हातात असेल तर.

> सावधान: दोन तज्ज्ञांची मतं जुळत नसतील तर त्यांची सरासरी काढून "साधारणपणे असे मत व्यक्त झाले" असं लिहू नका. दोन्ही वेगवेगळी लिहा. आणि जो बोललाच नाही त्याला सहमत धरू नका, "या मुद्द्यावर मत दिले नाही" असं लिहा.

मीटिंग रेकॉर्ड करणार असाल तर सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा, आणि मिनिट्स पक्के झाल्यावर रेकॉर्डिंगचं काय करणार तेही. लोक मोकळं बोलणार की जपून, ते यावर ठरतं.

५. मिनिट्स लिहा: दोन भाग, दोन नंबर, दोन सह्या

एका कागदात लिहा किंवा दोन फाइल करा, माझं मत दोन फाइल कराव्यात, कारण पुढे पाठवताना चूक होत नाही. भाग अ सल्ल्याचा, नंबर स-१, स-२. भाग ब मॅनेजमेंटच्या निर्णयाचा, नंबर न-१, न-२. भाग ब मधल्या प्रत्येक नोंदीत कोणत्या सल्ल्यावरून ते लिहायचं.

भाग अ चा नमुना, बँकेच्या साहेबांचा स-२ इथे सोडून:

> स-१. प्राध्यापक मॅडम यांनी सुचवले की खरेदीआधी कंपनीच्या स्वतःच्या दोन टन बेदाण्यावर ट्रायल घ्यावी. आधार: कागद १ मधील क्षमता कोरड्या मालावरील आहे. अट: ट्रायलमध्ये काळपट दाणे आणि वाया गेलेले चांगले दाणे दोन्ही मोजावेत. त्याशिवाय खरेदीबाबत मत देता येणार नाही असे त्या म्हणाल्या.
>
> स-३. निर्यातदार सल्लागारांनी सांगितले की मशीनच्या विक्री एजन्सीत त्यांचे नातेवाईक भागीदार आहेत. त्यानंतर त्यांनी याच हंगामाआधी खरेदी करावी असे सुचवले. अट: किमान एका खरेदीदाराचे लेखी मागणीपत्र असावे.

भाग ब चा नमुना:

> न-१. (स-१ व स-३ वरून) मॅनेजिंग डायरेक्टर यांनी आपल्या खर्चाच्या मर्यादेत निर्णय घेतला: दोन टनांची ट्रायल १५ डिसेंबरपर्यंत घ्यायची, खर्च जास्तीत जास्त ४०,००० रुपये, जबाबदारी प्रॉडक्शन मॅनेजर. स-३ मधील या हंगामाआधी खरेदीचा सल्ला स्वीकारला नाही. कारण: मागणीपत्राची अट पूर्ण झालेली नाही. या हंगामात सॉर्टिंग बाहेरून जॉबवर्कने करून घ्यायचे.
>
> न-२. (स-२ वरून) कर्जाचा विषय १९ नोव्हेंबरच्या संचालक मंडळाच्या बैठकीपुढे ठेवायचा. येथे निर्णय नाही.

दोन्ही भागांची क्रियापदं बघा. सल्ल्याला सुचवले, सांगितले, धोका दाखवला, मत दिले नाही. निर्णयाला ठरवले, मंजूर केले, स्वीकारले नाही, पुढे ठेवले. भाग अ मध्ये "ठरले", "मंजूर", "ठराव", "सर्वानुमते" यातला एक जरी शब्द दिसला तरी ते वाक्य परत लिहा. कर्ता गाळणाऱ्या कर्मणी रूपावरही डोळा ठेवा: "ट्रायल घेण्याचे ठरवण्यात आले" यात कर्ताच नाही, आणि आपल्याकडे ऑफिसच्या मराठीत हेच रूप हाताला सवयीचं झालेलं असतं.

सल्ला नाकारला तर कारण एका ओळीत लिहाच. काहींना वाटतं नाकारल्याची नोंद ठेवली तर उद्या अंगाशी येईल. उलट, कारणासकट नाकारलेला सल्ला म्हणजे डायरेक्टरांनी ऐकलं, तपासलं आणि स्वतः ठरवलं याचा सगळ्यात चांगला पुरावा. नोंदच नसेल तर पुढे नुकसान झाल्यावर एवढंच दिसतं की इशारा दिला होता आणि कुणी बघितलंही नाही.

> तपासा: कुठलंही एक वाक्य उचला आणि विचारा, याचा कर्ता कोण? भाग अ मध्ये उत्तर सल्लागाराचं नाव यायला हवं. भाग ब मध्ये नाव, त्याचा अधिकार, रक्कम आणि तारीख यायला हवी. उत्तर "मीटिंग" असं आलं तर ते वाक्य चुकलं.

६. पाठवताना: कुणाला काय

तीन दिवसांच्या आत कच्चा मसुदा पाठवा, त्यानंतर अटी लोकांच्या डोक्यातूनही जायला लागतात. सल्लागारांना फक्त भाग अ, आणि सोबत स्पष्ट विनंती: आपल्या नावावरची नोंद तपासा, दुसऱ्याची नको. दुरुस्तीला पाच-सात दिवस द्या.

दुरुस्ती दोन प्रकारची येते. एक म्हणजे "मी असं म्हणालो नव्हतो, असं म्हणालो होतो", ती करायची. दुसरी म्हणजे "आता विचार केल्यावर मला वाटतं", ती मिनिट्समध्ये घुसवायची नाही. तो नवीन सल्ला आहे, तारखेसह पुरवणी नोंद करायची. निर्यातदार साहेबांनी २० तारखेला फोन करून सांगितलं की मागणीपत्राची अट सोडून द्या, गिऱ्हाईक तोंडी हो म्हणतंय, तर ते "पुरवणी स-३अ, २० नोव्हेंबर, फोनवर" असं लिहायचं आणि १२ तारखेची मूळ नोंद तशीच ठेवायची. व्हॉट्सअॅपवर आलेल्या सल्ल्यालाही हेच.

भाग ब सल्लागारांकडे मंजुरीला पाठवायचा नाही. तुमचा निर्णय त्यांनी तपासून दिला की परत तेच झालं, निर्णयात त्यांचा हात. भाग ब वर सही मॅनेजिंग डायरेक्टरची, भाग अ वर लिहिणाऱ्याची सही आणि सल्लागारांच्या होकाराचे ईमेल सोबत जोडलेले.

७. बोर्डाच्या वहीत मिसळू नका

संचालक मंडळाच्या बैठकीचे मिनिट्स कलम ११८ खाली येतात, बैठक संपल्यापासून ३० दिवसांत मिनिट बुकात चढवावे लागतात आणि नीट ठेवलेले असले तर ते कामकाजाचा पुरावा धरले जातात. सल्लागार मंडळाचे मिनिट्स त्या वहीत लिहायचे नाहीत. त्यांची वेगळी फाइल, वेगळे पान नंबर.

मग दोघांचा संबंध कसा दाखवायचा? १९ नोव्हेंबरच्या बोर्ड बैठकीपुढे भाग अ कागद म्हणून ठेवा आणि बोर्डाच्या मिनिट्समध्ये असं लिहा: "१२ नोव्हेंबरच्या सल्लागार बैठकीतील स-१ ते स-३ मंडळाने वाचले. ट्रायलचा निकाल येईपर्यंत कर्जाचा प्रस्ताव पुढे ढकलण्याचे मंडळाने ठरवले." सल्ला "वाचला" आणि निर्णय "मंडळाने ठरवला", अशी दोन वेगळी वाक्यं. "सल्लागार मंडळाच्या शिफारशीनुसार मंजूर" असं एका वाक्यात जोडलं की बोर्डाने स्वतः काय पाहिलं ते कागदावर उरत नाही.

> सावधान: बँकेला कर्जाच्या फाइलसाठी कागद देताना बोर्डाचा ठराव द्या. सल्लागारांचे मिनिट्स बँकेने मागितले तरच द्या आणि तेही अटींसकट अख्खे, सोयीची पानं काढून नको.

८. पुढच्या मीटिंगचा पहिला विषय: मागच्या सल्ल्याचं काय झालं

एक साधा तक्ता ठेवा. सल्ल्याचा नंबर, निर्णयाचा नंबर, स्थिती आणि कारण. स्थितीचे चारच पर्याय: स्वीकारला, काही अंशी स्वीकारला, स्वीकारला नाही, विचाराधीन. "विचाराधीन" ला तारीख लावल्याशिवाय लिहायचं नाही, नाहीतर तो रकाना वर्षभर तसाच राहतो.

हा तक्ता सल्लागारांना माहितीसाठी वाचून दाखवा, त्यावर परत वाद उघडू नका. मॅडमना कळायला हवं की दोन टनांची ट्रायल झाली, चांगले दाणे किती वाया गेले, आणि कंपनीने त्यावर काय ठरवलं. आकडे बघून त्या आणखी काही बोलल्या तर ती नव्या मीटिंगची नवी नोंद, नवा नंबर.